शेततळ्यात पिल्लं किती सोडायची? वरचा काठ मोजू नका, जानेवारीचं पाणी मोजा

काल संध्याकाळी शेजारच्या शिवारातल्या पुतण्याचा फोन आला. "काका, उद्या बीज आणायला चाललो. अडीच हजार घेऊ का? तळं तर काठोकाठ भरलंय." म्हणलं, बाबा, आधी माझा हिशेब ऐक, मग गाडी काढ. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आमचं तळं 'मागेल त्याला शेततळे' मधलं. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आत प्लॅस्टिकचा कागद. पहिल्या वर्षी मी काय केलं, तर कागदपत्रावर २१९६ घनमीटर पाणी लिहिलेलं पाहिलं. मनात आलं, घनमीटरला एक मासा काही जास्त नाही. २००० बोटुकली सोडली. कोणी फसवलं नाही, गणित माझंच चुकलं.

दिवाळीपर्यंत सगळं झ्याक होतं. मग हरभऱ्याला पाणी दिलं, गव्हाला दिलं, उन्हानं थोडं उडालं. एप्रिलात कमरेइतकं पाणी राहिलं. एका संध्याकाळी आभाळ आलं, वारा पडला. पहाटे जाऊन पाहतो तर सगळे मासे तोंड वर काढून गपागप करत होते. दिवस वर येईपर्यंत पाच टोपली मेले. त्यात मोठेच जास्त. आणि जे वाचले ते आठ महिन्यांत जेमतेम २०० ग्रॅमचे. व्यापारी म्हणाला, अर्धा किलोच्या आतला माल मला नको.

आता यातली गोम सांगतो. माशाची संख्या घनमीटरवर धरायची नसते, पाण्याच्या पसाऱ्यावर धरायची. कारण हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या तोंडानं. ऊनही वरच्या थरातच पोचतं, तिथंच शेवाळ आणि बारीक जीव वाढतात, म्हणजे माशाचं खाणं. तीन मीटर खालच्या पाण्यात हे दोन्ही कमी. आपल्या येलदरीचंच बघा. धरण केवढं खोल! पण राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाच्या सूचनेत ५००० हेक्टरच्या वरच्या जलाशयाला हेक्टरी फक्त ५०० बोटुकली सांगितली आहेत. तिथं खाद्य कोणी टाकत नाही आणि सगळे मासे ओढूनही निघत नाहीत, हे खरं. पण खोली आहे म्हणून आकडा वाढत नाही, एवढं त्यातून कळतं.

आपल्या तळ्यात खाद्य देऊन कटला, रोहू, मृगळ करायचे तर हेक्टरी १०,००० बोटुकलीपर्यंत जाता येतं. म्हणजे सरळ चौरस मीटरला एक. याच्या वर जायचं तर पाण्यात हवा मारायचं यंत्र लागतं, ते आपल्याकडं नाही.

मग पुतण्या म्हणाला, "३० गुणिले ३० म्हणजे ९०० सोडतो." तेही नाही. तळ्याच्या बाजू तिरक्या असतात. आमच्या तळ्याचा उतार एकास एक, म्हणून तळ २४ बाय २४ चा. पाणी एक मीटर उतरलं की प्रत्येक बाजू दोन मीटरनं आखडते. (उतार दीडास एक असेल तर तीन मीटरनं.) माझा हिशेब असा:

पाणी ३ मीटर: ३० × ३० = ९०० चौरस मीटर
पाणी २ मीटर: २८ × २८ = ७८४ चौरस मीटर
पाणी १ मीटर: २६ × २६ = ६७६ चौरस मीटर

इथं एक फसवी गोष्ट आहे. ९०० वरून ६७६, म्हणजे वरून पाहिलं तर तळं पाव हिश्शानंच कमी झालेलं दिसतं. पण पाणी २१९६ घनमीटरवरून सव्वासहाशेवर आलेलं असतं, तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. विष्ठा, उरलेलं खाद्य, हिरवं शेवाळ सगळं तेवढ्याशा पाण्यात. रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटेच मासे वर येतात. म्हणजे खोली संख्या वाढवत नाही, पण कमी पडली की संख्या कमी करायला लावते. हे एक वाक्य ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. आमच्याकडं जानेवारी अखेर २ मीटर पाणी उरतं, म्हणून ७८४ चा पसारा धरला आणि ८०० च्या आत बोटुकली सोडली. बोटाएवढी, तीन इंचाच्या वरची. बारीक बीज स्वस्त मिळतं, पण त्यात मर जास्त, मग मोजणीला अर्थ राहत नाही. देताना वाटीनं मोजून देतात, तर एक वाटी आपल्या डोळ्यापुढं एकेक करून मोजायला लावा. वाटीत पन्नास आहेत का सत्तर, यावर सगळा हिशेब फिरतो.

चारातली तीन जगली असं धरलं, म्हणजे अंदाजे ५९०. जानेवारी अखेर पाच-सात मासे जाळीत काढून तोलले, सरासरी ३५० ग्रॅम. म्हणजे तळ्यात दोनशे किलोच्या आसपास माल, चौरस मीटरला पाव किलो. हवेचं यंत्र नसताना मी याच्या वर जात नाही.

मग मार्च अखेरचा हिशेब. पाणी एक मीटर, पसारा ६७६, पाव किलोनं १६९ किलो झेपणार. तोवर मासा साडेपाचशे ग्रॅमचा होणार, म्हणजे तीनशेच मासे झेपणार. म्हणून फेब्रुवारीत मोठे मोठे निवडून निम्मे काढले, बाकीचे मार्च अखेर. पहाटे तोंड काढलेला मासा गेल्या वर्षी एकदाही दिसला नाही.

एक तपासणी रोजची. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं झालंय. खाद्य थांबवा. आणि पहाटे मासे वर दिसलेच तर मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, विहिरीचं ताजं मिळालं तर उत्तम. पण आठवड्यात दुसऱ्यांदा असं झालं तर औषध शोधू नका, मासे काढायला लागा. संख्या जास्त झालीय एवढाच त्याचा अर्थ.

पुतण्याचं तळं २५ बाय २५ चं, खोली ३, उतार एकास एक. जानेवारीत त्याच्याकडं दीड मीटरच पाणी राहतं. म्हणजे बाजू २२ मीटर, पसारा ४८४. अडीच हजाराचे पावणेपाचशे झाले. थोडा हिरमुसला, पण सकाळी तेवढीच घेऊन आला.

तुमच्या तळ्याला जानेवारीत किती पाणी राहतं? काठी घालून मोजलं असेल तर लांबी-रुंदी आणि उतारासकट खाली लिहा, आकडा मिळून काढू.