शेवटची रांग

गेल्या पावसाळ्यात भाच्याकडे हैदराबादला गेलो होतो. तो चिक्कडपल्लीत, सिटी सेंट्रल लायब्ररीपासून हाकेच्या अंतरावर खोली घेऊन राहतो. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, तू लिहिणारा माणूस. हिला काय लिहू ते सांग."

हिंज नावाचं अॅप होतं. त्यात समोरच्याच्या नेमक्या एका फोटोवर किंवा एका उत्तरावर बोट ठेवून त्याखाली दोन ओळी लिहिता येतात. आपलं वाक्य तिला त्या गोष्टीसकटच दिसतं. पण भाचा सगळ्यांना 'हाय, छान प्रोफाइल' एवढंच पाठवत होता. दोन महिन्यांत एकाही मुलीचं उत्तर नव्हतं, आणि आपल्यातच काही खोट आहे असं त्याला वाटू लागलं होतं. पण त्या तीन शब्दांना उत्तर तरी काय देणार? ते कुणालाही चालले असते.

या मुलीने लिहिलं होतं, 'त्यागराय गानसभेत नाटक बघते, पण शेवटच्या रांगेतून.' गानसभा चिक्कडपल्लीतच आहे. भाच्याने लगेच टाइप केलं, 'मी तिथून पाच मिनिटांवर राहतो. तू कधी जातेस?'

मी म्हटलं, "पुस ते." तपशील तिचाच होता, पण प्रश्न तिच्या ठावठिकाण्याचा झाला. अनोळखी पुरुषाने असं विचारलं की मुलगी सावध होणारच. फोटोतल्या मागच्या पाटीवरून तिची गल्ली ओळखून दाखवणं हाही त्यातलाच प्रकार. तिने जे स्वतःहून सांगितलंय, त्यावरच बोलावं.

मग मी त्याला विचारलं, "तिच्या वाक्यात नवल कशाचं वाटतं?" तो म्हणाला, "शेवटच्या रांगेचं." मग गावच्या जत्रेतल्या नाटकाची आठवण निघाली. लहानपणी हा पुढे बसायचा आणि नटाच्या आधी प्रॉम्प्टरचंच वाक्य ऐकायचा. शेवटी कंटाळून मागे जाऊन बसू लागला.

त्याने इंग्रजीत लिहिलं. त्याचा अर्थ असा: 'शेवटची रांग का? आमच्या गोव्यातल्या गावी पुढे बसलं की प्रॉम्प्टर आधी ऐकू येतो, म्हणून मी मागे बसायचो.' एवढंच. तिचा एक तपशील, त्याला लागून आपलं थोडंसं, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न. त्याला पुढे गोव्याच्या रंगभूमीचा इतिहास जोडायचा होता, तो मी अडवला. पहिल्याच निरोपात सगळं सांगून टाकलं तर तिला विचारायला काय उरणार?

दोन दिवस काहीच आलं नाही. मी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा त्याचा मेसेज आला. तिने लिहिलं होतं, 'नाटक रटाळ निघालं तर पटकन सटकता येतं म्हणून!'

पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. पण त्या रात्री भाच्याने पहिल्यांदाच कुणाचं तरी वाक्य शेवटपर्यंत वाचलं होतं.