अण्णांचा उजवा गाल

गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक पाप घडले. पुस्तकांसाठी म्हणून अण्णांनी दिलेल्या पैशांतून मी चौदाशे रुपयांची क्रीमची डबी आणली. वय वर्षे एकवीस. डोळ्यांच्या कडेला एक बारीक रेघ दिसल्याचा भास मला झाला होता आणि डबीवर 'कोलॅजेन' असे सोनेरी अक्षरांत लिहिले होते. एवढे मला पुरले.

माझा मामेभाऊ त्वचारोगाचा डॉक्टर आहे. भाऊबीजेला आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत ती डबी त्याच्यापुढे ठेवली. तो हसला. म्हणाला, "अगं, कातडीतून आत शिरायचे तर रेणू साधारण पाचशे डाल्टनच्या आतला लागतो. कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाखांचा. दाराच्या फटीतून हत्ती ढकलतेस!" मग कातडी मऊ कशी लागते, असे मी विचारले. ते काम त्यातल्या तेलाचे आणि ग्लिसरीनचे, आणि ते साध्या स्वस्त क्रीममध्येही असते, असे उत्तर मिळाले. मी गप्प बसले.

एवढ्यात अण्णा ड्यूटीवरून आले. अण्णा एस.टी.चे ड्रायव्हर, सव्वीस वर्षे झाली. दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग मला हळूच म्हणाला, "अण्णांचे दोन्ही गाल नीट बघ."

वाचकहो, लाज वाटते सांगायला, पण इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलेच नव्हते. उजवा गाल काळवंडलेला, डागाळलेला, कानापर्यंत खोल सुरकुत्या. डावा गाल मात्र दहा वर्षांनी लहान असलेल्या माणसाचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि खिडकी उजव्या गालाला असते. दादाने एक फोटो दाखवला. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेला, अठ्ठावीस वर्षे मालट्रक चालवलेल्या एका माणसाचा. त्याच्या सुरकुत्या डाव्या गालावर, कारण तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. खिडकीची काच बंद असली तरी काम भागत नाही. कातडी भाजणारे किरण ती बरेचसे अडवते, पण खोल जाऊन कोलॅजेन तोडणारे 'अ' जातीचे अतिनील किरण पुष्कळसे आत येऊ देते. म्हणून चटका न बसताही कातडी म्हातारी होत राहते.

याला उपाय आहे का? आहे, आणि तो तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी १९९२ ते १९९६ या काळात पंचावन्नच्या आतल्या ९०३ माणसांवर प्रयोग झाला. अर्ध्यांनी सनस्क्रीन रोज लावायचे, उरलेल्यांनी मनाला येईल तेव्हा. हाताच्या पाठीवरच्या कातडीचे साचे सुरुवातीला आणि शेवटी घेतले. रोज लावणाऱ्यांच्या कातडीत साडेचार वर्षांत वय वाढल्याची खूण दिसली नाही. याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काही उपयोग दिसला नाही.

पण लावायचे किती, इथेच सगळे चुकतात. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहऱ्याला आणि गळ्याला एवढे लागते, म्हणजे साधारण एक ग्रॅम. माझी एक मैत्रीण अभिमानाने सांगते की तिची पन्नास ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरते. हिशेब करा: रोजचा पाव ग्रॅम! ट्यूबवर पन्नास एस.पी.एफ. छापलेला असला तरी तिच्या गालावर तो कुठला यायला? ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपली नाही तर आपण नुसता वास लावतो आहोत, असे समजावे. उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि एस.पी.एफ.चा आकडा मुख्यतः भाजण्यापुरता; 'अ' किरणांसाठी पी.ए.पुढच्या अधिकच्या खुणा मोजाव्यात.

रात्रीसाठी दादाने एकच नाव घेतले, ट्रेटिनॉइन. हे मूळचे मुरुमांवरचे औषध. सुरकुत्यांवरचा त्याचा गुण क्लिगमन यांनी १९८६ साली दाखवून दिला. वाटाण्याएवढे, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पहिले काही आठवडे कातडी सोलवटते, फरक दिसायला महिने लागतात, गरोदरपणात वर्ज्य, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. "तिशीत बघू," असे म्हणून त्याने तो विषय मिटवला.

माझी डबी आता आई टाचांच्या भेगांना लावते. गुण चांगला आहे म्हणते.

अण्णांसाठी मी शिकवणीच्या पैशांतून ट्यूब आणली, सोबत लांब बाह्यांचा सदराही. झालेले सगळे पुसून निघणार नाही, पुढचे थांबेल, हेही सांगितले. पहाटेच्या गाडीला निघताना ते आरशासमोर उभे राहून मोठ्या निष्ठेने दोन बोटे मोजून लावतात. फक्त उजव्या गालाला. "डावीकडे कुठे ऊन लागतं गं?" म्हणतात.