ऐंशी जागांचे उत्तर

इंटरनेटावाचून, साध्या बटणांच्या फोनवरून बँकेचा व्यवहार करता यावा म्हणून २०१४ साली देशभर उपलब्ध झालेल्या *99# या सेवेसारख्या यूएसएसडी सेवांसाठी उत्तरे लिहिण्याचे काम मी करतो. आणि या कामात लेखकाच्या शैलीपेक्षा जागेचा हिशेब अधिक निर्णायक ठरतो. एका पडद्याला १६० बाइट मिळतात. त्यांत रोमन लिपीची १८२ अक्षरे बसतात, परंतु देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास दोन बाइट लागत असल्यामुळे तिच्या वाट्याला केवळ ८० जागा येतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह, या सर्वांची जागा स्वतंत्र मोजली जाते. ‘शिल्लक’ हा शब्द डोळ्यांना आटोपशीर दिसतो, तरी तो सहा जागा घेतो.

खातेदाराने शिल्लक विचारली असता कचेरीच्या वळणाने लिहिलेला मसुदा असा होतो:

```
आपल्या खात्यातील उपलब्ध शिल्लक रक्कम रुपये 4,250 इतकी आहे.
1 व्यवहार
2 मागे
0 बंद
```

मोजदाद केली तर ओळींच्या तुटींसह हा मजकूर ८१ जागांचा भरतो, म्हणजे एका जागेने मर्यादेबाहेर जातो. त्यातला पूर्णविराम काढून वेळ निभावता येते, पण तसे करू नये, कारण विचारलेला आकडा सहा शब्दांच्या मागे उभा राहतो, हा मसुद्याचा खरा दोष तसाच उरतो. म्हणून मी लिहितो:

```
शिल्लक रु. 4,250
12 मार्च: 500 काढले
1 व्यवहार
2 मागे
0 बंद
```

याला ५९ जागा लागतात आणि, आदरार्थी ‘आपल्या’ गेले तरी, शेवटच्या व्यवहाराची तारीख व रक्कम पदरात पडते. वृद्ध खातेदाराला त्यावरून आपला हिशेब ताडून पाहता येतो, आणि माझ्या मते हाच खरा आदर होय. (जुन्या हँडसेटवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात, तेथे हाच मजकूर रोमन लिपीत द्यावा लागतो.)

पैसे पाठविण्याचा प्रसंग याहून नाजूक असतो. यूएसएसडीचे सत्र एसएमएसप्रमाणे फोनमध्ये साठून राहत नाही. रेंज गेली किंवा बटण दाबण्यास विलंब झाला की पडदा मजकुरासकट नाहीसा होतो, आणि पिन दिल्यानंतर असे घडले तर रक्कम गेली की राहिली हे न कळून माणूस तोच व्यवहार पुन्हा करतो व एकाच देण्यापोटी दोनदा पैसे जातात. यास्तव पिन मागण्यापूर्वीच्या पडद्यावर घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम एवढेच असावे, आणि व्यवहाराचा निकाल पडद्यावर आला तरी तो एसएमएसनेही अवश्य धाडावा. बँकेकडून निश्चित जबाब आलेला नसताना ‘व्यवहार अयशस्वी’ असे छापणे मला अक्षम्य वाटते; तशा वेळी मी पुढील मजकूर देतो आणि त्याखाली कोणताही पर्याय ठेवत नाही, जेणेकरून त्याच सत्रात पुन्हा पैसे पाठविण्याची वाट उरू नये:

```
निकाल यायचा आहे. पुन्हा पाठवू नका. एसएमएस येईल.
```