नियमापूर्वीचे सात दिवस

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम घ्यावा, अशी इच्छा व्यापारी कुटुंबात पुष्कळांच्या मनात असते. अडचण दुकानाची असते. संध्याकाळी सहा ते आठ हीच गिऱ्हाइकांची वेळ. तालुक्याच्या गावातील एका कापड व्यापाऱ्याने यंदा चातुर्मासासाठी हा नियम घेण्याचे मनात आणले. महाराजसाहेबांकडे पच्चक्खाण मागण्यास जाण्यापूर्वी त्याने एक आठवडा सराव करण्याचे ठरविले. घेतलेल्या नियमाचा भंग झाला तर दोष लागतो. सरावात चूक झाली तर केवळ माहिती मिळते. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मर्यादित काळाच्या त्यागाला नियम आणि आजन्म त्यागाला यम म्हटले आहे. हा सराव म्हणजे त्या नियमाच्याही आधीची पायरी होय.

दुकान मंगळवारी बंद असते. म्हणून सराव मंगळवार ते सोमवार ठेवला आणि पुढच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता आढावा, असे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. सात दिवसांत बाजाराचा वारही आला, सुटीचाही आला. आढाव्याचा दिवस आधी लिहिण्याचे कारण साधे होते. तारीख नसली की चौथ्या दिवशी पाहुणे येतात, सराव मध्येच सुटतो आणि तो जमला की नाही याचा निकाल कोणीच देत नाही.

वेळ ठरविताना त्याने व्यापाऱ्याची दृष्टी वापरली. सराव ज्येष्ठात होता. तेव्हा पुण्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. कार्तिकात, चातुर्मास संपतासंपता, तोच सूर्यास्त सहाच्या आसपास येतो. आणि दिवाळीची गर्दी नेमकी त्याच सुमारास असते. सातच्या हिशेबाने जमलेला सराव कार्तिकात उपयोगी पडला नसता. म्हणून ज्येष्ठातही पावणेसहालाच ताट वाढायचे, असे ठरले. वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या होत्या: शेवटचा घास किती वाजता झाला, त्या वेळी गल्ल्यावर कोण होते आणि रात्री भूक कधी लागली. पाणी चालू ठेवले होते, म्हणजे तिविहार. चौविहाराचा विचार पुढचा. त्याला मधुमेहाची गोळी चालू असल्याने सरावापूर्वी त्याने डॉक्टरांची भेट घेतली. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर पोट फार वेळ रिकामे राहिले तर रात्री साखर एकदम उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे या खुणा दिसल्या तर सराव तिथेच थांबवून लगेच साखर खायची, हे घरात सर्वांना सांगून ठेवले.

वही पाहता आठवडा उत्तम गेला होता. मुलगा पावणेसहा ते सव्वासहा गल्ला सांभाळत असे. त्या अर्ध्या तासात बाजाराच्या वारी दोन गिऱ्हाइके परत गेली, एवढेच. रात्री दहाला भूक लागे, ती पाचव्या दिवसापासून कमी झाली. घामाची किंवा थरथरीची तक्रार एकदाही आली नाही.

आढाव्याला मात्र सारे घर बसले होते, आणि व्यापाऱ्याच्या आईने सुनेकडे, म्हणजे त्याच्या पत्नीकडे वळून विचारले, “तुझा शेवटचा घास किती वाजता व्हायचा ग?”

वहीत त्याचा रकाना नव्हता. पूर्वी साडेसातला होणारा स्वयंपाक आता साडेचारला सुरू होत असे. त्याच वेळी धाकटी शाळेतून परते. सासूचे ताट, नवऱ्याचे ताट, मग दुकानातून येणाऱ्या मुलाचे ताट. सातपैकी चार दिवस तिने स्वतः आठ वाजल्यानंतर जेवण केले होते आणि त्याबद्दल ती काही बोलली नव्हती. नियम घरातील पुरुषाने पाळायचा आणि रात्रिभोजन त्याच्या पत्नीच्या वाट्याला यायचे, असा तो हिशेब निघाला. हे चातुर्मासाच्या दुसऱ्या महिन्यात कळले असते तर पच्चक्खाण हातात असल्याने मागे फिरणे अवघड झाले असते, आणि ती अर्थातच गप्प राहिली असती.

तेव्हा नियम घेण्याचे त्या दिवशी पुढे ढकलले. भाजी निवडणे-चिरणे आईने दुपारी तीनला करावे, आठवड्यातून तीन दिवस खिचडी-कढीवर भागवावे, मुलाने ताट दुकानातच घ्यावे आणि पावणेसहाला उरलेल्या सर्वांनी एका पंगतीत बसावे, असे चार बदल ठरले. त्यांतील तिसरा मुलाला फारसा रुचला नाही. पण दुकान बंद ठेवण्यापेक्षा तो बरा, हे त्याने मान्य केले. दुसरा आठवडा त्याच दिवशी सुरू झाला. वहीत चौथा रकाना आखला गेला आणि पुढील मंगळवारची तारीख पत्नीने स्वतःच्या हाताने लिहिली. आषाढ शुद्ध चतुर्दशीला अजून बारा दिवस होते.