खातं गोठतं तेव्हा...

क्रिप्टो पी-टू-पी विकून खातं फ्रीझ झालेले माझ्या ओळखीत आता चार जण आहेत, त्यातला एक मी. म्हटलं लिहून टाकावं एकदा, म्हणजे पाचव्याला फोनवर तासभर समजवायला नको :)

२०२५ मध्ये मी २०० यूएसडीटी ९२ रुपयांच्या भावाने विकले. खात्यात १८,४०० आले. पाठवणाऱ्याचं नाव एक्स्चेंजवरच्या केवायसी नावाशी जुळवलं, पैसे दिसल्यावरच कॉइन सोडले. सगळं यथासांग. बारा दिवसांनी चहावाल्याला युपीआय करायला गेलो, तर व्यवहार नाकारला. बाकीचे पावणेदोन लाखही अडकलेले, आणि पाच तारखेला घरभाडं नि ईएमआय!

शाखेत उत्तर एकच. "सायबरचं आहे सर, आमच्या हातात काही नाही." हे अर्धंच खरं आहे. होतं काय, की कुठेतरी कुणीतरी फसतो आणि १९३० ला फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तो पहिला थर, तिथून पुढे गेले तो दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थरावरच्या बँकेला रक्कम रोखायचा निरोप जातो. माझा खरेदीदार दुसऱ्या थरावर, मी तिसऱ्या. नाव जुळलं म्हणजे माणूस तोच एवढंच कळतं, त्याच्याकडचा पैसा कुणाचा हे नाही कळत.

म्हणून बँकेकडून पहिल्यांदा काढायचं ते हे: तक्रारीचा अॅक्नॉलेजमेंट नंबर, कुठलं पोलीस ठाणं, कुठल्या यूटीआरवर आक्षेप आणि वादातली रक्कम किती. तोंडी नको, मेलवर. शाखा टाळत असेल तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. माझ्या बाबतीत वादातली रक्कम निघाली ११,०००. म्हणजे १८,४०० मधले सुद्धा सगळे नव्हेत! तक्रारदाराचे तेवढेच त्यात मिसळले होते. तरी बँकेने लिन (म्हणजे ठराविक रकमेवर रोख) न लावता अख्खं खातं बंद केलं होतं. हा फरक कळला की भांडण सोपं होतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खात्यांच्या प्रकरणांत सांगितलंय, की रोख पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच ठेवावा. मी पत्रात तेच लिहिलं: ११,००० धरा, बाकी मोकळं करा.

दुसरं पत्र तपास अधिकाऱ्याला. ठाणं परराज्यातलं, फोनवर हिंदी आणि होल्डचं संगीत. पण साहेब भले होते. म्हणाले, "भाई, पीडीएफ भेजो, कहानी मत लिखो." एका फाइलमध्ये क्रमाने लावलं: यूएसडीटी मी कधी नि कशाने घेतले, विक्रीची ऑर्डर, चॅट, खरेदीदाराचं नाव, बँकेतली तीच यूटीआरची ओळ, आणि कॉइन सोडल्याची वेळ. मुद्दा एवढाच दाखवायचा की पैसे फुकट आलेले नाहीत, त्या बदल्यात माल गेलाय.

इथे बरेच जण ट्रान्झॅक्शन हॅश शोधत बसतात. पी-टू-पी व्यवहार बहुतेकदा एक्स्चेंजच्या आतल्या वहीतच होतो, ब्लॉकचेनवर जातच नाही. मग हॅश कुठून येणार? पुरावा म्हणजे ऑर्डर नंबर. स्क्रीनशॉटपेक्षा एक्स्चेंजच्या सपोर्टकडून आलेलं स्टेटमेंट वजनदार, आणि खरेदीदाराची केवायसी पोलीस एक्स्चेंजकडे मागू शकतात.

"तक्रारदाराला ११,००० देऊन टाका, मिटवा" असंही सुचवलं जातं. मी नाही दिले. परस्पर दिले तरी तक्रार पोर्टलवर तशीच राहू शकते, रोखही तसाच. आणि खातं सोडवून देतो म्हणणारे टेलिग्रामवरचे "वकील" म्हणजे त्याच धंद्याची दुसरी शाखा.

तीन आठवड्यांनी अधिकाऱ्याच्या सरकारी आयडीवरून बँकेला मेल गेला. तरी खातं बंदच! मग कळलं की रोख दोन होते: एक पोर्टलवरून आलेला, एक ठाण्याच्या पत्राचा. मेलमध्ये दोन्हींचा उल्लेख लागतो. पुन्हा फोन, पुन्हा हिंदी...

अधिकारी उत्तरच देत नसेल तर ज्या ठाण्याने रोख लावला तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे बीएनएसएसच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो (जुनं सीआरपीसी ४५७). पोलिसांनी कलम १०६ खाली जप्ती केली असेल तर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते कळवलंय का, हा वकिलाचा पहिला प्रश्न असतो. त्यानंतर उच्च न्यायालय, पण ११,००० साठी तिथली फी परवडत नाही.

असो. पगार तोवर दुसऱ्या बँकेत वळवला होता, भाडं मित्राने भरलं. खातं एकोणतिसाव्या दिवशी उघडलं. ते ११,००० अजून तिथेच दिसतात, राखाडी रंगात.