गाडी बघायला जाताना मिस्त्री सोबत का न्यावा

दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. पुतण्या सकाळी सकाळी मोबाईल नाचवत आला. "काका, १६० सीसी, २०१९ चं मॉडेल, तेवीस हजार किलोमीटर, पंचावन्न हजाराला. इस्लामपुरातच हाय. आज टोकन दिलं न्हाई तर जाईल." पोरगं शेवटच्या वर्षाला. सकाळी डेअरीला दूध घालायचं, तिथनं कॉलेज, आल्यावर वैरण. आजवर सगळं सायकल आणि एसटीवर निभावलं. घरात पहिलीच गाडी येणार, त्यामुळं त्याच्या बानंही "बघ तुझं तू" म्हणून मान हलवलेली. वीस हजार त्यानं स्वतः साठवलेले, बाकीचं कुठनं तरी उभं करायचं.

मी म्हणलं, चल, पण मिस्त्रीला घेऊन जाऊ.

आमच्या गावातला मिस्त्री म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, पुढं एक बाकडं आणि तीस वर्षं काळी झालेली बोटं. बोलतो कमी. त्याला इस्लामपूरच्या जुन्या गाड्यावाल्यांचे फोन येतात, "गिऱ्हाईक आण, हजार-पाचशे तुझे". हे मला ठाऊक होतं. गाडी जमली असती तर त्याचे हजार रुपये पक्के होते. हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या हिशेबात वाचा.

आम्ही पोचलो तर गाडी धुऊन-पुसून उभी. टाकी आरशासारखी. पुतण्या लगेच सीटवर. मिस्त्रीनं टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकला आणि इंजिनला हात लावला.

"आत्ताच चालवली का हो?"

"न्हाई मिस्त्री, जरा चालू करून बघितली, तुम्ही येणार म्हणून."

"मग आमी चहा घेऊन येतो. थंड होऊ द्या तिला."

पाऊण तास आम्ही चहाच्या टपरीवर. पुतण्या चुळबुळत होता. मिस्त्री म्हणाला, "बाळ, गरम गाडी सगळ्यांचीच चांगली चालू होती. रोग थंडपणी दिसतो. ऑइल वर चढत असलं तर रात्रभर उभ्या गाडीत ते खाली उतरतं, आन पयल्या स्टार्टरला निळा धूर निघतो. ह्यानं तो आपण यायच्या आधीच काढून टाकला."

परत आलो, स्टार्टर मारला. पहिल्यांदा निळसर धूर आला आणि थोड्या वेळानं कमी झाला. विकणारा लगेच म्हणाला, "बघा, गेला." मिस्त्रीनं खिशातलं पांढरं फडकं काढलं, सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं आणि पुतण्याला रेस द्यायला सांगितली. धूर परत आला, फडक्यावर काळे तेलकट ठिपके. त्याचं म्हणणं असं की नुसता चालू करतानाच धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचं सील गेलेलं असतं, ते थोडक्यात होतं. पण इंजिन गरम झाल्यावर, रेस दिल्यावरही निळा धूर येत राहिला तर बहुतेक रिंगा आणि बोर गेलेले असतात. म्हणजे इंजिन उघडायचं, बोर मारायचा, पिस्टन बदलायचा. पाच-सहा हजार धरून चालायचं, आणि आत दुसरं काही निघालं तर ते वेगळं.

मग किलोमीटर. मीटरवर तेवीस हजार. मिस्त्रीनं पुतण्याला ब्रेकच्या पायट्यावर अंगठा फिरवायला लावला. खाचा पार घासून गुळगुळीत. पाय ठेवायच्या रबराचं तेच. चेन ज्या चक्रावर फिरते त्याचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेले. "तेवीस हजारात एवढं झिजत न्हाई. मीटर बदलता येतं, पायटा कोण बदलत न्हाई."

शेवटी त्यानं हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवलं आणि बॅटरी मारून हँडलच्या मागचा चेसिसचा मानेचा भाग बघितला. सगळ्या गाडीचा रंग जुना, तेवढ्याच जागी नवा काळा रंग, आणि कडेला बारीक भेग. पुढचा ब्रेक दाबून गाडी खाली दाबली तर एका शॉकअपच्या पाईपवर तेलाची रेघ. गाडी समोरून कुठंतरी बसलेली होती. मान सरळ करून रंगवून दिलेली. नुसतं चालवून बघितलं असतं तर कळलं नसतं, कारण तीस-चाळीसच्या वेगात असली गाडी सरळच जाते.

कागदांचं काम माझ्याकडं होतं. mParivahan वर नंबर टाकला. आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर, तोही तिसरा मालक, आणि वर फायनान्सचा बोजा तसाच. विकणारा म्हणाला, "फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतलेल्या हायत की, तारीख तुमी टाका." बोजा असेल तर फायनान्सकडनं ना-हरकत आणि फॉर्म ३५ लागतो, तो कुठाय? "मिळंल चार दिवसात."

इथं थोडं विषयांतर करतो, कारण आपल्याकडं असल्या कोऱ्या सह्यांवर किती गाड्या फिरतायत याची गणती नाही. गाडी विकली की विकणाऱ्यानं आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नावावर करायची, असं कायद्यात आहे. (दुसऱ्या राज्यातली गाडी असली तर मुदत वेगळी.) सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मधे गाडी चार हात फिरलेली असली तरी. तेव्हा गाडी विकून पैसे मोजून घेतलेल्यांनीही एकदा आपला जुना नंबर टाकून बघा. आणि बोजा न उतरलेली गाडी घेतली तर पैसे आपण मोजतो आणि आधीच्याचे हप्ते थकल्यावर फायनान्सवाले उचलून नेतात ती आपल्या दारातनं.

पुतण्याचं तोंड उतरलं. परत येताना म्हणाला, "मग मामा, नवीच घेतो. साधी १०० सीसी. हप्त्यावर." गाड्या तशा स्वस्तही झाल्यात, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कोटेशन त्याच्या मोबाईलमधे तयारच होतं: रस्त्यावर नव्वद हजार, वीस भरायचे, सत्तर हजार कर्ज, दोन वर्षं, व्याज १२ टक्के, हप्ता ३,६१७.

मिस्त्री शेडमधे बसला, सुट्या भागाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, कानावरचं पेन काढलं.

"हप्ता कशातनं भरणार?"

"उसाचं बिल येईल की."

"ऊस कवा जाणार?"

"जानेवारीत. बिल फेब्रुवारीत."

"मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी? आन फेब्रुवारीचं बिल आलं की सोसायटी कापून घेणार, खताचं देणार, बहिणीची फी. मार्चपासनं पुढं? हप्ता महिन्याला येतो, ऊस वर्षातनं एकदा."

ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. ते कधी पडतात, किती टप्प्यांत पडतात, हे वाळवा तालुक्यात वाचणाऱ्यांना मी काय सांगू.

"मग दुधातनं भरतो," पुतण्या म्हणाला. दुधाचं बिल दहा दिवसाला येतं, तेवढाच आमच्याकडं रोकडा. दोन म्हशी, पेंड-भुसा वजा जाता महिन्याला साडेचार हजार हातात राहतात. मिस्त्रीनं ते पुठ्ठ्यावर लिहिलं, खाली ३,६१७ लिहिले, वजाबाकी केली: ८८३. मग विचारलं, "यातलं पेट्रोल किती? आन एक म्हैस आटली की हप्ता कोण भरणार, दुसरी?"

कोण काही बोललं नाही.

माझ्याच पोटात गोळा आला, कारण मी हे करून बसलोय. २०११ ला मी अशीच गाडी उचलली होती. दोन हप्ते चुकले, बँकेनं दंड कापला, फायनान्सनं वेगळा कापला, आणि एके दिवशी बाजारात माणसांच्या देखत दोघांनी किल्ली काढून घेतली. तेव्हा मला कुणी पुठ्ठ्यावर वजाबाकी करून दाखवली नव्हती.

घरी येऊन मी त्या १२ टक्क्यांचा हिशेब मांडला. ते 'फ्लॅट' होतं. म्हणजे दोन वर्षं पूर्ण सत्तर हजारांवर व्याज, १६,८०० रुपये, जरी दर महिन्याला मुद्दल फिटत असलं तरी. तेच १२ टक्के उरलेल्या मुद्दलावर लावले तर हप्ता ३,२९५ बसतो आणि व्याज नऊ हजारांच्या आसपास. फरक पावणेआठ हजार. उलटं बघितलं तर फ्लॅटचे १२ म्हणजे खरे २१-२२ टक्के. शोरूमच्या टेबलावर एवढंच विचारायचं: "व्याज फ्लॅट का रिड्यूसिंग?" उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जायचं.

मिस्त्रीचा सल्ला शेवटी दोन वाक्यांचा होता. "ऊस जाऊ दे, तवर सायकल मारायला पाय हायत. तवर मी बघतो."

आणि त्यानं बघितली. शेजारच्या गावातली, २०२१ ची १०० सीसी, एकच मालक, पहिल्यापासनं त्याच्याच शेडमधे ऑइल बदलायला येणारी. तरीही थंड इंजिनला हात, पांढरं फडकं, मान, सगळं परत केलं. मागचा टायर आणि चेन किट बदलायला झालेलं, तेवढे पैसे तोडून एक्केचाळीस हजाराला ठरली. वीस पोराचे, एकवीस उसातले. मालक स्वतः फॉर्मवर तारखेसकट सही करून गेला. आरसी नावावर व्हायच्या आधी मिस्त्रीनं गाडी मळ्याच्या वाटेवरसुद्धा काढू दिली नाही. मी हजाराची नोट पुढं केली तर म्हणाला, "ऑइलचं आन फिल्टरचं द्या, बाकी ठेवा."

पुतण्या अजून १६० सीसीकडं वळून बघतो, ते वयच आहे. पण रोजचे तीस किलोमीटर धरले तर ह्या गाडीला महिन्याला पाच-सहा लिटर पेट्रोल कमी लागतं, हे आता तोच मित्रांना सांगतो. कॅन टांगायला मागं लोखंडी हूकही त्यानंच वेल्डिंग करून घेतला.

परवा त्यानं मोबाईल दाखवला. ती इस्लामपूरची गाडी अजून तिथंच आहे. किंमत अठ्ठेचाळीस हजार, नवीन फोटो, आणि खाली नव्यानं लिहिलंय: सिंगल ओनर, एकोणीस हजार किलोमीटर.