भुशाला वाट

होल सॉ लाकडात अडकतो तेव्हा त्याला लाकडाने धरलेले नसते, भुशाने धरलेले असते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढच्या सगळ्या हालचाली आपोआप सुचतात. ती बसलेली नसेल तर माणूस जोर लावतो, आणि जितका जोर लावावा तितका भुसा आणखी घट्ट दाबला जातो.

आमच्या पिंपळगाव राजात जुने वाडे उतरवतात तेव्हा त्यांच्या तुळया वाया जात नाहीत. त्या खामगावला नेऊन फाडून आणतात आणि नव्या घरात त्यांचे बाक, ओटे, फळ्या होतात. अशाच एका तुळईची सागवानी फळी हात धुण्याच्या बेसिनखाली बसवायची होती. जाडी सव्वादोन इंच. तिच्यातून दोन इंची पीव्हीसी पाइप खाली न्यायचा होता. हा पाइप बाहेरून 63 मिलिमीटरचा असतो, म्हणून अडीच इंची होल सॉ बरोबर निवडलेला होता. नळ बसवणाऱ्या पोराने मशीन चालवली आणि सात सुतांवर होल सॉ गच्च बसला. मला बोलावणे आले.

मी गेलो तेव्हा खोलीत करपल्याचा वास होता आणि कापाच्या कडेला काळी रेघ उमटलेली होती. पोरगा म्हणाला, "काका, अजून एक झटका देऊ काय?"

"झटका देशीन त मनगट जाईन. पहिले पिन काढ."

होल सॉ अडकला आणि मशीनचा खटका दाबलेलाच राहिला, तर पाते फिरत नाही, मशीन फिरते, आणि तिच्याबरोबर हात. म्हणून आधी वीज बंद करायची आणि मगच विचार करायचा.

विचार काय करायचा? होल सॉ म्हणजे दात असलेली वाटी. तिचा काप जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. अडीच इंची वाटीचा घेर जवळपास आठ इंच. सात सूत खोल जाईपर्यंत तिने सुमारे नऊ घनसेंटिमीटर लाकूड कापलेले असते, आणि सुटा भुसा त्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. साधा ड्रिल भुसा आपल्या पिळातून वर आणतो. वाटीला पीळ नाही. दातांमधल्या खाचा भरल्या की दात लाकडाला टेकतच नाहीत, ते भुशावरच घासत राहतात. त्यातून उष्णता होते. जुन्या सागाचे तेल त्यात मिसळले की भुशाची खळ होते आणि वाटीच्या आतबाहेर लिंपली जाते.

हे आधी कळते, फक्त बघायला हवे. वाटीच्या कडेच्या फटींतून भुसा येत राहतो तोवर काम ठीक चालले आहे. भुसा पिवळ्याचा तपकिरी झाला की थांबून वाटी वर घ्यायची. मशीन फिरते आहे आणि भुसा येतच नाही, तर वाटी अडकायला काही क्षणच उरले आहेत. शिवाय साधी हातमशीन मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या आसपास फिरते. त्या वेगाने अडीच इंची वाटीची कड मिनिटाला साडेपाचशे मीटरच्या वर धावते. सागासाठी 300 फेऱ्या पुष्कळ झाल्या.

आता सोडवणे. पहिला उपाय उलट फिरवण्याचा. पण त्याआधी वाटी दांड्यावर कशी बसवली आहे ते पाहावे. ती नुसत्या आट्यांवर असेल तर उलट फिरवल्यावर आटे सुटतात. मग मशीन आणि दांडा हातात येतो आणि वाटी फळीतच राहते. मोठ्या वाट्यांच्या दांड्याला दोन पिना असतात. त्या वाटीच्या तळातल्या भोकांत नीट बसलेल्या असतील तरच उलट फिरवण्यात अर्थ आहे. इथे पिना बसलेल्या होत्या. कमी वेगाने दोन छोटे हेलकावे दिले, वाटी हलली नाही. तिथेच थांबलो.

मग चक उघडून मशीन बाजूला केली. दांड्याचा षटकोनी शेंडा उघडा पडला, त्याला स्क्रूपाना लावला. मशीनपेक्षा पाना बरा, कारण अडथळा किती आहे ते हाताला कळते. वाटीचा पाच सुतांचा भाग फळीच्या वर होता आणि तिच्या फटी दिसत होत्या. त्यांतून सायकलचा स्पोक घालून आतला भुसा कोरला, सायकलच्याच पंपाने फुंकला आणि पाना डावीकडे थोडा फिरवला. या दिशेला दात लाकूड पकडत नाहीत. पुन्हा कोरायचे, पुन्हा फुंकायचे. वाटी थोडी फिरू लागली की दांडा सरळ वर ओढायचा. इकडेतिकडे हलवायचा नाही, कारण तसे केले तर दात तुटतात आणि भोक अंडाकृती होते. पाणी किंवा तेलही ओतायचे नाही. पाण्याने लाकूड फुगते आणि पकड वाढते, तेलाने फळीवर पॉलिश धरत नाही.

वाटी वर आली. मधला गाभा फळीला खालून जोडलेलाच होता. पोरगा पटाशी घेऊन तो उडवायला निघाला, त्याला थांबवले. त्या गाभ्याचा पुढे उपयोग होता.

मधल्या ड्रिलच्या भोकातून लांब बिट घालून आरपार भोक पाडले. मग कापाच्या आतल्या कडेला चिकटून, गाभ्याच्याच अंगात, तीन सुती बिटने दोन आरपार भोके पाडली. भुशाला वाट मिळाली ती इथे. ही भोके गाभ्याबरोबर निघून जातात, फळीवर खूण राहत नाही. कापायला सुरुवात करण्याआधीच ती पाडली असती तर मला कोणी बोलावले नसते.

फळी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने, मधल्या भोकात ड्रिल ठेवून, हळू कापायला घेतले. उरलेली जाडी एक इंच तीन सूत, वाटीची खोली दीड इंच, म्हणजे जेमतेम पुरणारी. भोकांतून भुसा खाली पडत राहिला. दोन काप भेटले आणि गाभा सुटला.

सुटलेला गाभा वाटीत बसून राहतो, आणि इथे लोकांचा अर्धा दिवस जातो. पण आमचा गाभा सव्वादोन इंच लांब होता, त्याचे सात सूत वाटीच्या तोंडाबाहेर होते. ते शिकंज्यात धरले, पान्याने दांडा डावीकडे फिरवत ओढला, वाटी निघाली. एकाच बाजूने कापून पूर्ण वाटीत गेलेल्या गाभ्याला अशी मूठ राहत नाही.

तसा गाभा असेल तर कडेच्या समोरासमोरच्या फटींतून पेचकस घालून आळीपाळीने थोडे थोडे उचलावे. तरीही हलला नाही तर गाभ्यात मधल्या ड्रिलच्या दोन बाजूंना बारीक भोके पाडून लांब स्क्रू आत पिळावेत. पिना ज्या भोकांत बसतात त्यांच्या समोर ते येऊ देऊ नयेत. स्क्रूचे टोक वाटीच्या पोलादी तळाला टेकले की पुढच्या प्रत्येक पिळाबरोबर गाभा वर सरकतो. एकदा हा, एकदा तो, अर्धा अर्धा पीळ द्यावा, नाहीतर गाभा तिरपा होऊन पुन्हा फसतो. वाटीवर हातोडी मारू नये. ती चेपली की गोल फिरत नाही, आणि पुढचे प्रत्येक भोक मोठे पडते.

पोराने विचारले, याहून खोल वाटी आणू का? मिळते, पण खोल वाटीत भुसाही जास्त कोंडतो. मी त्याला त्याऐवजी एक लांब तीन सुती बिट घ्यायला सांगितले.